लॉ प्रवेशाची मुलाखत: ‘कायदाच का?’ आणि त्यावरचे उलटप्रश्न

शिरीष_लातूर

भाचीने यंदा बारावीनंतर स्लॅट ही सिम्बायोसिसची लॉ प्रवेश परीक्षा दिली. पुण्याच्या सिम्बायोसिस लॉ स्कूलची पीआय, म्हणजे मुलाखत, तोंडावर आली आहे. साठ मिनिटांत साठ प्रश्नांची तयारी क्लासने करून घेतली, मुलाखतीची मात्र कुणीच घेतली नाही. ‘कायदाच का?’ हा प्रश्न येणार हे नक्की. तिने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं देतो:

“लहानपणापासून मला अन्यायाची चीड आहे. आपल्या देशात गरिबांना न्याय मिळत नाही. माझ्या आईनेही आजोबांच्या जमिनीतला हक्क सोडला. महिलांना त्यांचे हक्क मिळवून द्यायचे म्हणून मला वकील व्हायचं आहे.”

ऐकायला बरं वाटतं, पण पॅनेल यावर काय विचारेल याचा अंदाज येत नाही. जाणकारांनी फाडून टाकलं तरी चालेल, पोरगी खंबीर आहे.

गजानन_कट्टा

उत्तर छान आहे. सुरुवातीला संविधान आणि बाबासाहेबांचा उल्लेख घाला, वजन येतं. आणि जमिनीचा विषय काढलाच आहे तर एक-दोन निकाल पाठ करून जा. मुलींना वाटा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मिळाला, त्याआधी काहीच नव्हता. वडील 2005 पूर्वी गेले असतील तर आजही नाही. एवढं ठणकावून सांगितलं की पॅनेल गप्प.

रेवती_जो

गजाननदादा, हे ठणकावून सांगितलं तर पॅनेल गप्प बसणार नाही, उलट तिथूनच सुरुवात करेल. कायद्याकडे नंतर येते, आधी उत्तर बघू.

शिरीषदादा, त्या उत्तरात चार वाक्यं आहेत आणि त्यातली तीन हजारो मुलं बोलतात. ‘अन्यायाची चीड’, ‘गरिबांना न्याय’, ‘महिलांचे हक्क’. यावर उलटप्रश्न तयारच असतो: “मग समाजकार्य का नाही? पत्रकारिता का नाही? कलेक्टर होऊन जास्त लोकांना मदत करता येईल की.” या प्रश्नाला अशा उत्तरातून वाट नाही, कारण त्यात कायद्याचं असं काहीच नाही. कोणत्याही उत्तराला मी एक कसोटी लावते. ‘वकील’ काढून तिथे ‘आयएएस’ लिहा. उत्तर तसंच टिकलं, तर ते कायद्याचं उत्तर नाही.

तिच्या उत्तरात कायद्याचं वाक्य एकच आहे आणि ते तिने घाईत उरकलं: आईने हक्क सोडला. तिथेच थांबायला हवं. आईने काय केलं? हक्कसोडपत्र. कुठे? दुय्यम निबंधकांकडे. कुणी जबरदस्ती केली होती का? ते विचारून सांगा, मग उत्तर बांधू.

शिरीष_लातूर

जबरदस्ती अजिबात नाही. सासरे 2011 ला गेले. ताईने पुढच्या वर्षी राजीखुशीने सही केली. दोघे भाऊ आहेत, दिवाळीला माहेर हवं, एवढंच तिचं म्हणणं. जमीन वडिलोपार्जित, नऊ एकर.

(सासरे म्हणजे माझे. ताई ही बायकोची थोरली बहीण, भाची म्हणजे तिची मुलगी.)

रेवती_जो

उत्तम. मग खरा प्रश्न हाच आहे: कुणी धमकावलं नाही, कागद कायदेशीर आहे, तरीही काहीतरी खटकतं. ते खटकणं नेमकं काय, हे शोधायला कायदा शिकायचा आहे. हे उत्तर आयएएसला जोडता येत नाही. मी असं काहीसं बोलायला सांगेन:

“आमच्याकडे वडील गेले की वारसनोंदीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतात. माझ्या आईनेही केलं. तिला कुणी धमकावलं नव्हतं. कायद्याने तिचा वाटा भावांइतकाच होता आणि तो तिने एका सहीने सोडला. कायदा या सहीला संमती मानतो. संमती कधी खरी धरायची आणि कधी नाही, हे कायदा कसं ठरवतो, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे. त्यासाठी मी करार कायद्यातली मुक्त संमतीची कलमं वाचली आणि विनीता शर्मा निकालाचा सारांश वाचला. मला हे शिस्तीत शिकायचं आहे.”

साधारण एक मिनिट. याहून लांबवू नये. आणि ‘वाचलं’ म्हटलं तर खरंच वाचलेलं हवं, कारण पुढचा प्रश्न “काय वाचलं?” हाच असतो. उत्तरात उच्चारलेलं प्रत्येक नाम हे पॅनेलला दिलेलं आमंत्रण समजायचं. संविधान म्हटलं की “कोणतं कलम?”, बाबासाहेब म्हटलं की “त्यांनी हिंदू कोड बिलावरून 1951 मध्ये राजीनामा दिला, त्या बिलाचं पुढे काय झालं?” माहीत असेल तर जरूर घ्यावं, इथे तर ते विषयाला थेट लागू आहे. शोभेसाठी घेऊ नये.

गजानन_कट्टा

पण 2005 बद्दल मी म्हटलं त्यात चूक काय? फुलवती निकाल आहे, सर्वोच्च न्यायालयाचा.

रेवती_जो

प्रकाश विरुद्ध फुलवती, 2015. त्यात तुम्ही म्हणता तसंच होतं: 9 सप्टेंबर 2005 ला वडील आणि मुलगी दोघंही हयात हवेत. पण 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द केलं. मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच वाटेकरी आहे, म्हणून त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री उकरता येत नाहीत. विद्यार्थी जुना निकाल सांगतो तेव्हा पॅनेल लगेच दुरुस्त करत नाही. “असं का बरं?” एवढंच विचारतं आणि त्याला आणखी आत जाऊ देतं. तो खोल जातो आणि अडकतो.

दुसरं, ‘2005 पूर्वी काहीच नव्हतं’ हेही बरोबर नाही. 1956 च्या कायद्यातही वडिलांच्या वाट्यात मुलगी वारस होतीच. नऊ एकर घ्या. वडील, दोन मुलगे, एक मुलगी, आई हयात नाही असं धरा. जुन्या पद्धतीत आधी वडील आणि दोन मुलगे यांच्यात कागदोपत्री वाटणी मानायची, प्रत्येकी तीन एकर. मग वडिलांचे तीन एकर तिन्ही मुलांत, प्रत्येकी एक. म्हणजे मुलीला एक एकर, भावांना चार-चार. आता मुलगीही सहदायाद, म्हणून चार भाग, प्रत्येकी सव्वादोन एकर. वडिलांचे सव्वादोन तिघांत, प्रत्येकी पाऊण. सव्वादोन अधिक पाऊण, तीन एकर. तिघांना सारखे.

‘2005 ने नेमकं काय बदललं?’ या प्रश्नाला एकाचे तीन एकर झाले हे तोंडी मांडून दाखवणारी मुलगी पॅनेलच्या लक्षात राहते. कलमांचे आकडे पाठ असण्यापेक्षा हे कितीतरी वजनदार.

गजानन_कट्टा

2020 चा निकाल माझ्या नजरेतून सुटला होता. नऊ एकरांचा हिशोब झकास. पण महाराष्ट्रात तर 1994 लाच कायदा झाला होता ना?

रेवती_जो

झाला होता, 22 जून 1994 पासून. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीत ही अट नाही. पुण्याचं पॅनेल हे विचारू शकतं, म्हणून ठेवा लक्षात.

सुनंदा_पंढरपूर

माझ्या धाकट्या बहिणीने 2003 मध्ये अशीच सही करून दिली. आता तिची परिस्थिती बिकट आहे. वर ताईंनी निकाल सांगितला त्याने तिला परत वाटा मिळेल का? सातबाऱ्यावर तिचं नाव नाही.

अॅड_खानोलकर

सुनंदाताई, धागा मुलाखतीचा आहे आणि तुमच्या बहिणीचं उत्तर कागद बघितल्याशिवाय देता येणार नाही. दोन गोष्टी मात्र सांगतो. सातबारा ही महसुली नोंद आहे, त्यावर नाव नाही म्हणून मालकी जात नाही आणि नाव आहे म्हणून मालकी येत नाही. पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल तर ते आधी रद्द करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी मुदत कायद्यात तीन वर्षं आहेत, फसवणूक किंवा दबाव कळल्यापासून. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हक्कसोडपत्राची प्रत आणि फेरफाराचा उतारा घेऊन तिथे जा.

शिरीषराव, भाचीला हे दाखवा. ‘सातबाऱ्यावर नाव नाही तर हक्क गेला का?’ हा प्रश्न तिला हमखास येईल.

आणि माझं एक वेगळं मत. आईची गोष्ट उत्तरात आणूच नये. पॅनेल त्यावर बोट ठेवतं: “म्हणजे तुमच्या आईला स्वतःचं हित कळत नव्हतं असं म्हणायचंय का?” अठराव्या वर्षी हा प्रश्न झेपत नाही. डोळ्यांत पाणी येतं किंवा आवाज चढतो आणि पुढची दहा मिनिटं गेली. विषय हाच ठेवावा, पण ‘आमच्या भागात’ म्हणून.

रेवती_जो

खानोलकरसाहेब, धोका खरा आहे. पण ‘आमच्या भागात’ म्हटलं की “तुम्ही स्वतः पाहिलेलं एक उदाहरण सांगा” येतंच, आणि तेव्हा आई निघतेच, तीही अनपेक्षित. त्यापेक्षा त्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं: “नाही सर, आईला हित चांगलं कळत होतं. तिने माहेर आणि जमीन यांचा हिशोब केला. माझा प्रश्न असा की तिच्या भावांना हा हिशोब कधीच करावा लागला नाही.” शांतपणे म्हटलं तर यापुढे पॅनेल आईवर रेंगाळत नाही.

अॅड_खानोलकर

शांतपणे म्हटलं तर. तोच कळीचा मुद्दा आहे. तुम्ही वर्गात शिकवता म्हणून तुम्हाला मुलं बोलताना दिसतात, पण पॅनेलसमोर त्यांची जीभ जड होते. मी माझं मत बदलत नाही.

समीर_बीई

मी मेकॅनिकल इंजिनिअर, सहा वर्षं नोकरी. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी सीईटी देतोय. मला ‘इंजिनिअरिंग सोडून कायदा का?’ विचारतील. मी पेटंट कायद्यात जायचं म्हणतोय. चालेल का?

रेवती_जो

समीर, महाराष्ट्र सीईटीतून कॅपने, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेने, प्रवेश घेणार असशील तर मुलाखतच नाही, गुण आणि पसंतीक्रमावर जागा मिळते. क्लॅटने राष्ट्रीय विधी विद्यापीठांतही बीएएलएलबीला मुलाखत नसते. ज्या खासगी विद्यापीठांत असते तिथलं बोलायचं तर पेटंटचं उत्तर चांगलं आहे, पण एक मेख आहे. पेटंट एजंट व्हायला कायद्याची पदवी लागत नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा पुरते. “मग एलएलबी का?” हे विचारलं जाईल. त्याचं उत्तर म्हणजे एजंट अर्ज करू शकतो, आक्षेपांना पेटंट कार्यालयात उत्तर देऊ शकतो, पण उल्लंघनाचा दावा न्यायालयात चालवू शकत नाही. तुला नेमका तो भाग हवा असेल तरच म्हण.

शिरीष_लातूर

भाचीला सगळं वाचून दाखवलं. आईचा उल्लेख ठेवायचा असं तिने ठरवलं. काल मी पॅनेल होऊन विचारलं, “मग हक्कसोडपत्रावर बंदी घालायची का?” ती पटकन ‘हो’ म्हणाली. बरोबर का?

रेवती_जो

हा सापळा आहे आणि पहिल्यांदा बहुतेक जण ‘हो’च म्हणतात. पुढचा प्रश्न: “म्हणजे सज्ञान बाईला स्वतःच्या मालमत्तेचं काय करायचं ते ठरवायचा अधिकार नाही?” आता माघार घ्यावी लागते, आणि घाईने घेतलेली माघार वाईट दिसते.

हा क्रम तिच्याकडून बोलून घ्या:

“बंदी नको, कारण हक्क सोडता येणं हाही मालकीचा भाग आहे. पण नोंदणीच्या वेळी निबंधक मुख्यतः ओळख आणि सही खरी आहे का हे बघतो. वाटा किती आहे हे तिला कळलं आहे का, हे विचारलं जात नाही. ते विचारायला लावता येईल, किंवा वारसनोंद आणि हक्कसोड यांमध्ये काही महिन्यांचं अंतर ठेवता येईल.”

यावर पॅनेल म्हणेल, “हा नियम फक्त बहिणींना लावणार? भाऊही कधी हक्क सोडतो.” इथे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सगळ्यांना लावा. दुसरा म्हणजे अनुच्छेद 15(3) महिलांसाठी विशेष तरतूद करू देतो, म्हणून फक्त महिलांना लावा. कोणताही निवडला तरी चालतो, पण निवडल्यावर त्याची किंमत तिनेच सांगावी. सगळ्यांना लावला तर खरोखर राजीखुशीने करणाऱ्या भावंडांना विनाकारण खेटे. फक्त महिलांना लावला तर बाईला कळत नाही हा समज कायद्यानेच पक्का केल्यासारखं होतं.

मुलाखत घेणाऱ्याला बघायचं असतं ते हेच: आपल्याच मताची कमजोर बाजू ती ओळखते का. आणि मत बदलायचं झालं तर “मी बंदीचा मुद्दा मागे घेते, कारण…” असं स्पष्ट म्हणून बदलावं. “तुम्ही म्हणता तेही बरोबर आहे सर” असं म्हणत प्रत्येक प्रश्नाबरोबर वाहत जाणं, यानेच सगळ्यात जास्त मुलं पडतात.

अॅड_खानोलकर

इथे रेवतीताईंशी शंभर टक्के सहमत. आणखी एक उलटप्रश्न: “उद्या एखादा भाऊ तुमच्याकडे आला की बहिणीने दावा लावलाय, माझं हक्कसोडपत्र टिकवून द्या. घ्याल का केस?”

‘नाही, मी फक्त महिलांच्या बाजूने लढेन’ हे उत्तर नापास. बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाने, विशेष कारण नसेल तर, आपण ज्या न्यायालयात काम करतो तिथली केस योग्य फी मिळत असताना नाकारू नये असं आहे. 2010 मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असे बार असोसिएशनचे ठराव बेकायदेशीर ठरवले. हे गुन्हेगारी प्रकरणांबद्दल आहे, पण तत्त्व तेच: वकील न्यायाधीश नाही. तिने म्हणावं, “घेईन. बहिणीला खरंच समजून सही करायची होती, हे सिद्ध करण्याची संधी भावालाही आहे. पण खोटा साक्षीदार उभा करायला सांगितलं तर नाही.”

गजानन_कट्टा

आणि कसाबचा प्रश्न? तो तर सगळीकडे विचारतात.

अॅड_खानोलकर

तोच धागा आहे. अनुच्छेद 22(1) मध्ये पसंतीच्या वकिलाचा हक्क आहे, आणि कसाबला सर्वोच्च न्यायालयापर्यंत वकील मिळाला, तरी शिक्षा कायम राहिली. वकील मिळाल्याने आरोपी सुटतोच असं नाही, हे यातूनच दिसतं. भारतीय दंड संहितेचं कलम सांगायचा मोह टाळा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाची शिक्षा 302 मध्ये नाही, 103 मध्ये आहे. जुने आकडे बोललं की “ते अजून लागू आहे का?” येतंच. जुन्या घटनांना जुनी संहिताच लागते, हे माहीत असेल तर सावरता येतं.

शिरीष_लातूर

एक शंका. ती मराठी माध्यमातली. इंग्रजीत बोलताना अडखळते. आणि अजिबात माहीत नसलेलं विचारलं तर?

रेवती_जो

अडखळणं चालतं, पाठ केलेलं चालत नाही. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं: आवाज एकसुरी होतो आणि मध्येच अडवलं की पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू होतं. म्हणून लिहून पाठ करू नका. मुद्दे चार शब्दांत लिहा: सही, संमती, वाटा, वाचन. घरी कुणीतरी मध्येच तोडत विचारा, आणि तिने प्रत्येक वेळी वेगळ्या वाक्यांत बोलावं. छोटी वाक्यं. हक्कसोडपत्राला रिलीज डीड, सहदायादाला कोपार्सनर, असे आठ-दहा शब्द तेवढे पक्के करा.

माहीत नसेल तर “मला माहीत नाही” म्हणावं आणि थांबावं. पॅनेलने “अंदाज करा” म्हटलं तर तर्क मांडावा: “माहीत नाही, पण मला वाटतं असं असावं, कारण…” समजा विचारलं, “आजोबांची जमीन स्वकष्टार्जित असती तर?” नियम आठवला नाही तरी तर्क करता येतो: स्वतः कमावलेलं माणूस मृत्युपत्राने हवं त्याला देऊ शकतो, मग मुलीला हक्क सांगता येणार नाही, मृत्युपत्रच नसेल तर मात्र सगळ्या मुलांना सारखं. हे उत्तर बरोबरच आहे, आणि पाठ नसताना येतं.

अजून एक खूण. पॅनेलने दोनदा “उदाहरण द्या” म्हटलं तर ती हवेत बोलते आहे, नऊ एकरांवर परत यावं. “म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का की…” असं म्हणून तिचं वाक्य ताणून परत दिलं तर त्याला होकार देण्याआधी ताणलेला शब्द पकडावा. बहुतेक वेळा तो ‘सगळे’, ‘नेहमी’ किंवा ‘कधीच’ असतो.

शिरीष_लातूर

आज पुन्हा बसवलं. मी विचारलं, “भावांशी संबंध राहावेत म्हणून केलेली सही हा अवाजवी दबाव आहे का?” ती म्हणाली, “करार कायद्याच्या 16 व्या कलमात एकाचं दुसऱ्यावर वर्चस्व असावं लागतं आणि त्याने त्याचा गैरफायदा घ्यावा लागतो. मामांनी मागितलंच नव्हतं, आईने स्वतः देऊ केलं. मग गैरफायदा कुणी घेतला?” आणि गप्प बसली. यावर पुढे काय म्हणावं?

रेवती_जो

पुढे काही म्हणू नये. तो प्रश्न पॅनेलकडे गेला, आता त्यांना बोलू द्या.

अॅड_खानोलकर

मी पॅनेलवर असतो तर म्हणालो असतो, मागितलं नाही हे खरं, पण नको असंही म्हणाले नाहीत. त्यावर ती काय म्हणते ते विचारून इथे टाका.